तेवढेच तास, जास्त एकर: माझ्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण

पाचवं, म्हणजे चर्चेचं प्रकरण माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे दिलं तेव्हा ते एकतीस पानांचं होतं. आठ दिवसांनी परत आलं तेव्हा तेवीस पानांवर समासात पेन्सिलीने एकच गोष्ट लिहिलेली होती: तक्त्याचा क्रमांक. 4.3, 4.6, 4.6, 4.9. दुसरा काही शेरा नाही. मी फोन केला तर म्हणाल्या, "अगं, जिथे नंबर घातलाय तो परिच्छेद त्या तक्त्याखाली आधीच लिहिलेला आहे. चौथं प्रकरण शेजारी ठेव आणि बघ." मी बघितलं. तेवीस पानं खरंच तीच होती, फक्त क्रियापदं बदलली होती.

माझा विषय अर्थशास्त्रातला. सांगली जिल्ह्यातल्या पलूस आणि कडेगाव तालुक्यांत उसाला ठिबक केलेल्या कुटुंबांचा पाणीवापर. एकूण 116 कुटुंबांकडे गेले. त्यातली 62 ठिबकवाली, 54 पाटाने पाणी देणारी. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी सांगलीतल्या विश्रामबागेतून निघायचं, वस्तीवर जाऊन बसायचं, मोटर किती एचपीची, पाळीला किती तास चालते, वर्षात किती पाळ्या होतात हे विचारून लिहून घ्यायचं. हे सगळं करताना कधी अडले नाही. तक्ते, आलेख, टी-चाचणी हेही सांख्यिकीच्या सरांच्या मदतीने पार पडलं. अडले ते चर्चेच्या प्रकरणात, कारण ते प्रकरण नेमकं कशासाठी असतं हेच मला कळलेलं नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी प्रबंधांत ते वेगळं नसतंच. 'विश्लेषण व अर्थनिर्वचन' असं एकच मोठं प्रकरण असतं आणि प्रत्येक तक्त्याखाली 'वरील तक्त्यावरून असे दिसते' म्हणत दोन ओळी असतात. मी तसेच प्रबंध वाचून वाढले होते.

पहिल्या खर्ड्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा देते:

"तक्ता क्र. 4.6 वरून असे दिसून येते की, ठिबक असलेल्या कुटुंबांत उसाला एकरी लागणारे पाणी ठिबक नसलेल्या कुटुंबांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आहे. प्रस्तुत निष्कर्ष नारायणमूर्ती (2004) यांच्या निष्कर्षाशी मिळताजुळता आहे. तक्ता क्र. 4.9 वरून असे दिसून येते की, दोन्ही गटांतील कुटुंबांच्या एकूण पाणीवापरात लक्षणीय फरक नाही. प्रस्तुत निष्कर्ष फायफर आणि लिन (2014) यांच्या निष्कर्षाशी मिळताजुळता आहे."

वाचायला काही खटकत नाही. मलाही खटकलं नव्हतं. पण मॅडमनी घरी बोलावलं आणि हा परिच्छेद मलाच मोठ्याने वाचायला लावला. मग विचारलं, "पहिला अभ्यास म्हणतो ठिबकने पाणी वाचतं. दुसरा म्हणतो सुधारित सिंचनाने उपसा वाढला. तुझं दोघांशीही जुळतं? आणि दोघं एकमेकांशी जुळत नाहीत, हे तुझ्या लक्षातच आलं नाही?"

खरोखर आलं नव्हतं. पहिलं वाक्य एका तक्त्याचं होतं, तिसरं दुसऱ्या तक्त्याचं. प्रत्येक तक्त्याला एकेक आधीचा अभ्यास चिकटवायचा एवढंच मी करत होते. शिवाय दुसरं 'मिळताजुळता' तर सरळ चुकीचं होतं. फायफर आणि लिन यांना अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये उपसा वाढल्याचं आढळलं होतं. माझ्याकडे वाढही नव्हती आणि घटही नव्हती.

त्या संध्याकाळी मॅडमनी दिलेलं काम साधं होतं. चर्चेचं प्रकरण छापून घ्यायचं आणि तीन रंगांची पेनं घ्यायची. ज्या वाक्यात माझ्या स्वतःच्या तक्त्यातली माहिती आहे ते पिवळं. ज्यात दुसऱ्याच्या अभ्यासाची माहिती आहे ते हिरवं. ज्यात 'असं का' याचं उत्तर आहे, म्हणजे दोन गोष्टी जोडणारं कारण आहे, ते निळं. रात्री जेवणानंतर बसले. एकतीस पानांत निळी वाक्यं अकरा निघाली. त्यातली सहा प्रस्तावनेतली होती. हिरवी वाक्यं परिच्छेदाच्या शेवटी शेपटासारखी लोंबत होती आणि बाकी सगळं पिवळं. पुढे प्रत्येक खर्ड्याला मी हे रंगकाम केलं. एखादा परिच्छेद नुसता पिवळा-हिरवा निघाला की त्यात चर्चा झालेलीच नाही हे एका नजरेत कळायचं.

मग पुढचं काम: प्रत्येक निष्कर्ष एका वाक्यात लिहायचा, पण आकडा आणि तक्त्याचा क्रमांक न वापरता. हे ऐकायला सोपं आहे. मला दोन दिवस लागले. आकडा काढून घेतला की बऱ्याच निष्कर्षांत सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. शिक्षण आणि ठिबकचा संबंध, वय आणि ठिबकचा संबंध, असले सात निष्कर्ष मी तिथेच बाजूला ठेवले. ते चौथ्या प्रकरणात आहेत तिथे ठीक आहेत. प्रत्येक निष्कर्षाची चर्चा झालीच पाहिजे असा काही नियम नाही, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी तीन वाक्यं उरली. त्यातलं मुख्य असं होतं: ठिबक केलेल्या शेतकऱ्याचं पाणी एकराच्या हिशोबात वाचलेलं दिसतं, पण घराच्या हिशोबात वाचलेलं दिसत नाही.

हे वाक्य वहीत लिहिलं आणि आधीच्या अभ्यासांचं भांडणही त्याच वाक्यात आहे हे दिसलं. एकर आणि घर.

आता ते अभ्यास पुन्हा वाचणं आलं. इथे एक कबूल करायला हवं. नारायणमूर्तींचा महाराष्ट्रातल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास मी दुसऱ्या एका प्रबंधातून उचललेला होता. मूळ लेख वाचलेला नव्हता. 'ठिबकमुळे 44 टक्के पाण्याची बचत' एवढंच मला माहीत होतं. मूळ लेख मिळवून वाचला तेव्हा दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक म्हणजे ती सुमारे 44 टक्के बचत हेक्टरी आहे. मधल्या प्रबंधात 'हेक्टरी' हा शब्द गळला होता आणि त्या एका शब्दात माझा सगळा प्रश्न होता. दुसरी म्हणजे तिथेही पाणी एचपी-तासांत मोजलं होतं, म्हणजे मोटरची ताकद गुणिले ती चालण्याचे तास. शेतकऱ्याच्या विहिरीवर पाण्याचं मीटर नसतं, म्हणून आपल्याकडे हाच मार्ग आहे. मीही तसंच मोजलं होतं. याचा अर्थ माझ्यात आणि त्या अभ्यासात जो फरक पडतो तो मोजण्याच्या पद्धतीमुळे पडलेला नाही. एक कारण तिथेच बाद झालं. हे मला चर्चेत लिहिता आलं आणि ते प्रकरणातलं पहिलं खरं निळं वाक्य ठरलं.

एका आडव्या कागदावर मी रकाने आखले. अभ्यास कुठला, पीक कोणतं, पाणी कशात मोजलं, कोणत्या एककावर मोजलं, कशाशी तुलना केली, काय आढळलं. सहा अभ्यास त्यात भरले आणि सातव्या ओळीत माझा स्वतःचा. दुसऱ्या प्रकरणातल्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात मी हेच अभ्यास सालानुसार एकाखाली एक सांगितले होते. तिथे ते एकमेकांशी बोलत नव्हते. या कागदावर 'एकक' हा रकाना उभा वाचत गेले आणि भांडण मिटल्यासारखं झालं. ज्यांनी हेक्टरी मोजलं त्यांना बचत दिसली. ज्यांनी विहीर किंवा संपूर्ण खोरं धरलं त्यांना बचत दिसली नाही किंवा वापर वाढलेला दिसला. फायफर आणि लिन यांनी कॅन्ससमध्ये विहिरीगणिक नोंदलेला उपसा बघितला होता. तिथल्या शेतकऱ्यांनी फिरत्या तुषार यंत्रांना खाली लोंबणाऱ्या, कमी पाणी उडवणाऱ्या तोट्या बसवल्या, तरी उपसा वाढला. त्याचं त्यांनी दिलेलं एक कारण असं की पिकांची निवड बदलली.

पीक बदलणं! हे वाचताना मला पलूसच्या बाजूचे एक काका आठवले. त्यांच्या ओसरीवर बसून प्रश्नावली भरत होते. ठिबक केल्यावर पाणी वाचलं का, हा प्रश्न आला तर ते म्हणाले, "वाचलं की. म्हणून तर माळाची दीड एकर उसाखाली आली. आधी तिथं शाळू नायतर हरभरा असायचा." मी तेव्हा 'होय' या चौकटीत खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेले. ते वाक्य समासात लिहून ठेवलं होतं म्हणून बरं. नाहीतर माझ्या तक्त्यात त्या काकांचं नुसतं 'होय' शिल्लक राहिलं असतं.

ठिबक करण्याआधीच्या वर्षी ऊस किती एकर होता, हे मी प्रत्येकाला विचारलेलं होतं. ती माहिती 4.8 क्रमांकाच्या तक्त्यात एकटीच पडून होती. ठिबकवाल्या कुटुंबांचा ऊस सरासरी दोन एकरांवरून जवळपास तीन एकरांवर गेला होता. आता हिशोब बघा. एकरी पाणी एक तृतीयांशाने कमी झालं, म्हणजे दोन तृतीयांश उरलं. क्षेत्र दोनाचं तीन झालं, म्हणजे दीडपट. दोन तृतीयांशाची दीडपट बरोबर एक. जेवढं वाचलं तेवढं नव्या एकराने प्यायलं. 4.6, 4.8 आणि 4.9 हे तीन तक्ते चौथ्या प्रकरणात एकेक पान सोडून बसलेले होते. त्यांना एका वाक्यात ओवण्याचं काम चौथ्या प्रकरणाचं नव्हतं, ते पाचव्याचं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

उत्साहाने चार पानं लिहून मॅडमना दिली. त्यांनी ती वाचली, हिशोबाखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "छान आहे. आता मला हे सांग, हे उलट्या बाजूने खरं असलं तर? तुझ्या भागात लाईट येते तेव्हा मोटर सुरू होते ना? बंद कोण करतं?"

शेतीच्या लाईटचा प्रकार ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रश्न लगेच कळेल. शेतीला वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्री एक वाजता विहिरीवर कोण जाणार, म्हणून बहुतेकांनी ऑटोस्विच बसवलेलं असतं. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, लाईट गेली की बंद. तेव्हा बऱ्याच जणांचं बिल मोटरच्या एचपीवर यायचं, त्यामुळे तास कमी केले म्हणून बिल कमी होत नव्हतं. अशा घरात मोटरचे तास ठिबक ठरवत नाही, वीज ठरवते. ठिबक असो वा पाट, तास तेवढेच. आणि मग तेवढेच तास दोन एकरांऐवजी तीन एकरांवर भागले की एकरी आकडा आपोआप एक तृतीयांशाने कमी येतो. म्हणजे मी ज्याला बचत म्हणत होते तो नुसता भागाकार असू शकत होता!

माझा सुंदर हिशोब दोन्ही बाजूंनी तितकाच बरोबर येत होता. ठिबकने वाचवलेलं पाणी नव्या एकराला गेलं, हे एक स्पष्टीकरण. वीज जेवढी येते तेवढं पाणी उपसलं जातं आणि एकर वाढले म्हणून एकरी पाणी कमी दिसतं, हे दुसरं. तीनही तक्ते दोन्हींना पाठिंबा देत होते. एखादं स्पष्टीकरण आपल्या आकड्यांना लागू पडतं एवढ्यावर ते खरं ठरत नाही. दुसरं कोणतं स्पष्टीकरण लागू पडतं ते बघून, दोघांत फरक कुठे पडेल ते शोधावं लागतं. चर्चेच्या प्रकरणातलं अवघड काम हेच आहे असं मला आज वाटतं, आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात त्याचा मागमूसही नव्हता.

फरक पडेल अशी जागा शोधायला आठवडा गेला. शेवटी ती अशी निघाली. ज्यांच्याकडे ऑटोस्विच नाही आणि ज्यांचा ऊस वाढलेला नाही, अशा ठिबकवाल्यांकडे बघायचं. ते मोटर हाताने चालू-बंद करतात, म्हणजे तास त्यांच्या हातात आहेत. एकर तेवढेच आहेत, म्हणजे भागाकाराची चलाखी नाही. त्यांचंही एकरी पाणी कमी असेल तर ठिबकने खरंच पाणी वाचतंय. कमी नसेल तर माझी 'बचत' हा आभास आहे.

नशिबाने ऑटोस्विचचा प्रश्न प्रश्नावलीत होता. मोटरचे तास विचारताना उपप्रश्न म्हणून घातलेला. 62 ठिबकवाल्यांत ऑटोस्विच नसलेले 17 निघाले. त्यातल्या 9 जणांचा ऊस वाढलेला होता, 8 जणांचा नव्हता. या आठ घरांत उसाचे एकरी एचपी-तास पाटाच्या पाण्याने ऊस घेणाऱ्या, ऑटोस्विच नसलेल्या घरांपेक्षा कमी होते आणि घराचे एकूण तासही कमी होते. ज्या नऊ जणांनी ऊस वाढवला होता त्यांच्या एकूण तासांत असा फरक नव्हता. म्हणजे ठिबक पाणी वाचवतं आणि वाचलेलं पाणी वाढलेल्या क्षेत्रात जातं, हे स्पष्टीकरण टिकलं. पण आठ घरं म्हणजे आठच. शिवाय उरलेल्या 45 घरांत, जिथे ऑटोस्विच आहे, तिथे दोन्ही कारणं एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की माझ्या माहितीतून ती वेगळी करता येत नाहीत. हे मी तसंच लिहिलं.

हे सगळं मी आधी पाचव्या प्रकरणातच लिहून टाकलं होतं, 17 आणि 8 च्या आकड्यांसकट. मॅडमनी तिथे पुन्हा पेन्सिल लावली. "हा नवा निष्कर्ष आहे. याचा तक्ता कुठाय? चर्चेत नवीन आकडा येत नाही. वाचकाने चौथ्या प्रकरणात जे पाहिलेलं नाही त्यावर तू पाचव्यात वाद घालू शकत नाहीस." म्हणून चौथ्या प्रकरणात परत जाऊन 4.11 हा नवा तक्ता घातला. त्याखाली ही विभागणी का केली, तेही लिहिलं. पाचव्यात फक्त त्याचा उल्लेख राहिला. मला हे आधी उलटं वाटलं. तक्ता चौथ्यात हलवल्यावर मात्र पाचव्यातला परिच्छेद अर्धा झाला आणि वाद स्पष्ट वाचता येऊ लागला.

अखेर जो परिच्छेद राहिला तो असा:

"उसाच्या ठिबकने पाणी वाचते की नाही, या प्रश्नाला आधीच्या अभ्यासांनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी वाटतात, परंतु ती वेगवेगळ्या एककांवरची उत्तरे आहेत. नारायणमूर्ती (2004) यांची बचत हेक्टरी आहे आणि प्रस्तुत अभ्यासातही एकराच्या पातळीवर ती आढळते. पाणी मोजण्याची पद्धत दोन्हीकडे एचपी-तास हीच असल्याने दोन्ही अभ्यासांत जो फरक पडतो तो मोजणीच्या पद्धतीतून आलेला नाही. कुटुंबाच्या पातळीवर मात्र बचत आढळत नाही. पीकबदल हे फायफर आणि लिन (2014) यांनी दिलेले कारण येथेही लागू पडते: शाळू-हरभऱ्याचे क्षेत्र उसाखाली गेले. तथापि कॅन्ससमध्ये उपसा वाढला, येथे वाढ आढळली नाही. विजेचे मर्यादित तास ही येथील उपशाची वरची मर्यादा असावी, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. वीज हेच एकरी घटीचेही कारण असण्याची शक्यता तक्ता 4.11 मधील, ऑटोस्विच नसलेल्या व क्षेत्र न वाढलेल्या कुटुंबांच्या आधारे तपासली असता ती संपूर्ण स्पष्टीकरण ठरत नाही."

मॅडमनी विचारलेला विजेचा मुद्दा इथे दोनदा आला आहे. आधी मी त्याला फक्त शत्रू समजत होते. पण कॅन्ससशी आपलं का जुळत नाही याचं उत्तरही त्याच्यातच होतं. तिथे शेतकरी विहिरीतून आपल्या हक्काच्या मर्यादेत हवा तेव्हा उपसा करू शकतो. आपल्याकडे लाईट गेली की विषय संपला. आधीच्या अभ्यासाशी न जुळणं ही मला सुरुवातीला लपवायची गोष्ट वाटली होती, म्हणून मी 'मिळताजुळता' लिहून मोकळी झाले होते. प्रत्यक्षात सांगली जिल्ह्याबद्दल नवं जे काही माझ्या प्रबंधात आहे ते त्या न जुळण्यातच आहे.

शब्दांचीही बरीच झाडाझडती झाली. 'ठिबकमुळे' हा शब्द मी एकोणीस ठिकाणी वापरला होता. माझी माहिती एकाच वेळी दोन गटांकडून घेतलेली, आणि आधीची स्थिती शेतकऱ्याच्या आठवणीवर. ज्याच्याकडे पैसा आणि पाणी दोन्ही आहे तोच आधी ठिबक करतो, तेव्हा 'मुळे' म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. बहुतेक जागी 'ठिबक असलेल्या कुटुंबांत' असं केलं. 'फरक नाही' हेही सगळीकडे 'फरक आढळला नाही' असं केलं. सांख्यिकीच्या सरांनी हे समजावून सांगितलं. चाचणीत फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ दोन्ही गट सारखे आहेत असा होत नाही. घरागणिक तास इतके वरखाली होते की मध्यम आकाराचा फरक असता तरी 116 घरांत तो निसटून गेला असता. ते दोन शब्द बदलल्यावर त्या परिच्छेदातला माझा आवाज जरा खाली आला आणि तो तसाच यायला हवा होता.

कडेगावचा मुद्दा थोडक्यात सांगते, कारण तो मला पुरता सोडवता आला नाही. ताकारी आणि टेंभू उपसा सिंचन योजनांचं पाणी त्या भागात आल्यापासून ऊस तसाही वाढलाय. ठिबक नसलेल्या घरांतही वाढलाय. म्हणजे क्षेत्रवाढीतली सगळी वाढ ठिबकच्या खात्यावर टाकता येत नाही. दोन्ही तालुके वेगळे करून बघितलं तर गट इतके लहान होत होते की काही बोलण्यात अर्थ नव्हता. हे मर्यादेत लिहिलं. पण 'संशोधनाच्या मर्यादा' असं शेवटी वेगळं शीर्षक देऊन 'वेळ व पैसा यांची मर्यादा होती' असं लिहिण्याऐवजी, ज्या दाव्याला ती मर्यादा लागते त्या दाव्याच्या शेजारीच ठेवली.

तशीच आणखी एक मर्यादा होती, आणि ती आधीच्या एका अभ्यासानेच दाखवून दिली. वॉर्ड आणि पुलिदो-वेलाझकेझ यांचा 2008 सालचा उत्तर अमेरिकेतल्या रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यावरचा अभ्यास म्हणतो की शेतातून उपसा किती होतो आणि खोऱ्यातून पाणी कायमचं किती जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटाने दिलेलं जास्तीचं पाणी सगळं वाया जात नाही. काही जमिनीत मुरून पुन्हा विहिरीला किंवा नदीला मिळतं. ठिबकमध्ये ते मुरणं कमी होतं आणि पीक जास्त वाढून जास्त पाणी हवेत सोडतं. माझे एचपी-तास फक्त उपसा मोजतात, त्यामुळे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी वाचलं की नाही यावर मी एक अक्षरही बोलू शकत नाही. पहिल्या खर्ड्याच्या शेवटी मी 'ठिबकमुळे कृष्णा खोऱ्यातील पाणीटंचाई दूर होण्यास मदत होईल' असं वाक्य लिहिलं होतं. ते काढलं. त्याच वेळी हेही लिहिलं की मुरणारं पाणी आपल्या नदीकाठी नेहमी उपयोगी पडत नाही. पलूस, वाळवा, मिरज या भागांत जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्यात, तिथे मुरणं कमी होणं हाच ठिबकचा फायदा असू शकतो. हा मुद्दा परदेशी अभ्यासात मला मिळाला नाही. तो मला आमच्याच शेताच्या खालच्या अंगाला, जिथे पांढरा थर येतो, तिथे मिळाला.

शेवटचा खर्डा सतरा पानांचा झाला. रंगकाम केलं तर पिवळी वाक्यं होतीच, पण बहुतेक परिच्छेदांत एकेक, आणि त्यामागे निळी.

मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलंच नाही. त्यांनी सरळ पाचव्यातलं तक्ता 4.11 चा उल्लेख असलेलं पान काढलं आणि विचारलं, "आठ कुटुंबांवर तुम्ही किती भार टाकताय?" मी सांगितलं की विजेचं स्पष्टीकरण एकट्याने पुरत नाही, एवढं म्हणण्यापुरताच. ठिबकने नेमकं किती पाणी वाचतं हे त्या आठांवरून मी सांगत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग हे नीट तपासायचं असेल तर काय कराल?" मी म्हटलं, मोटरवर तास मोजणारं मीटर बसवून, ठिबक घालण्याच्या आधीपासून दोन हंगाम नोंदी घेत राहावं लागेल, आणि घरं निवडताना ऑटोस्विच आहे की नाही हे आधी विचारावं लागेल. ते लिहून घेत होते. दाराजवळच्या खुर्चीवर मॅडम बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात तीच पेन्सिल होती.